पिवळा कागद आणि अठ्ठावीस हजारांचा चष्मा

ताई, माझा मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. गणितात आणि चित्रकलेत चांगला आहे, पण वाचन अजून अडखळतच. इंग्लंडला असलेल्या माझ्या जाऊबाईंनी दहा रंगांचे पारदर्शक प्लास्टिकचे कागद पाठवले. त्यांच्या मुलीला ते शाळेतूनच मिळाले होते. आम्ही घरी करून बघितलं. त्याने एक उतारा आधी तसाच वाचला, तेव्हा मिनिटाला ४१ शब्द झाले. मग पिवळा कागद ठेवून वाचला तर ४७. तो म्हणाला, "आई, आता अक्षरं हलत नाहीत." इथल्या एका केंद्रात दाखवलं. त्यांनी सांगितलं की याला डिस्लेक्सिया आहे, रंगीत काचांचा चष्मा लागेल, २८ हजार रुपये, आणि दरवर्षी रंग पुन्हा तपासायचा. मिस्टर म्हणतात हे सगळं थोतांड आहे. घ्यावा का चष्मा?
– एक आई, ठाणे

चष्मा घेऊ नका. पिवळा कागद त्याला आवडत असेल तर खुशाल राहू द्या, त्याने अपाय काही नाही. पण त्या कागदावरून डिस्लेक्सिया आहे की नाही हे ठरत नाही, आणि रंगीत काचांनी तो कमीही होत नाही. तुमच्या मिस्टरांशी मी निष्कर्षापुरती सहमत आहे. 'थोतांड' हा शब्द मात्र मी वापरणार नाही, कारण यामागे काही माणसांनी प्रामाणिकपणे केलेलं संशोधनही आहे. ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे बघण्यासारखं आहे.

आधी तुमचा घरचा प्रयोग. त्याने तोच उतारा दोनदा वाचला ना? पहिल्या वेळी 'प्रवास' या शब्दापाशी तो अडला असेल, तुम्ही सांगितला असेल, मग पुढे गेला असेल. दुसऱ्या वेळी तो शब्द ओळखीचा झाला. एकेका मिनिटात सहा शब्द वाढायला एवढंच पुरतं. आज एक नवा उतारा घ्या आणि क्रम उलटा करा: आधी पिवळा कागद ठेवून, मग काहीच न ठेवता. बहुतेक या वेळी 'काहीच न ठेवता' जिंकेल. तेव्हा तुम्ही असं थोडंच म्हणणार की कागद काढल्याने वाचन सुधारलं?

उतारे वेगवेगळे घेतले तरी एक अडचण उरते. कागद ठेवण्याची तुलना कशाशी करायची? काही न ठेवण्याशी केली तर दोन गोष्टी एकदम बदलतात, एक रंग आणि दुसरी 'आईने आपल्यासाठी काहीतरी खास आणलंय' ही भावना. मुलगा सावरून बसतो, बोट फिरवतो, तुम्हीही जरा जास्त कौतुकाने ऐकता. म्हणून खरी तुलना हवी ती बिनरंगाच्या, पूर्ण पारदर्शक कागदाशी. सारखीच चकाकी, सारखाच सोहळा, फक्त रंग नाही. या एका पारदर्शक कागदावर या विषयातल्या बहुतेक दाव्यांचा निकाल लागतो.

हा प्रयोग नीट झालेला आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी वाचनात मागे असलेली ७ ते १२ वर्षांची ६१ मुलं घेतली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सगळी मुलं त्यांनी 'अर्लेन' पद्धतीच्या प्रशिक्षित तपासनिसाकडून तपासून घेतली. (अर्लेन म्हणजे हेलन अर्लेन. या कॅलिफोर्नियातल्या बाईंनी १९८३ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात रंगीत काचांची कल्पना मांडली आणि पुढे तिचा मोठा व्यवसाय उभा राहिला.) तपासनिसाने ६१ पैकी ४७ मुलांना रंगाने कमी होतो असा मानला जाणारा दृष्टीचा दोष असल्याचं सांगितलं, म्हणजे चारातल्या तीन मुलांना, आणि प्रत्येकाला त्याचा रंग ठरवून दिला. मग मुलांकडून तीन वेळा वाचून घेतलं: ठरवून दिलेला रंग, मुद्दाम निवडलेला भलताच रंग, आणि रंगाशिवाय. वाचन मोजणाऱ्याला कोणत्या मुलाला कोणता रंग ठरवून दिलाय हे माहीत नव्हतं. तिन्ही वेळचा वेग सारखाच निघाला. 'आपला' रंग असो, परका असो किंवा रंगच नसो, फरक पडला नाही. वर्षभर वर्गात कागद वापरल्यावर त्याच संशोधकांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही त्या मुलांची वाचनातली प्रगती कागद न वापरणाऱ्या मुलांपेक्षा जास्त नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण केंद्रवाले तुम्हाला हीच दाखवतील. आर्नल्ड विल्किन्स हे केंब्रिजमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या संस्थेत त्या काळी काम करणारे मानसशास्त्रज्ञ. रंगीत कागद आणि चष्मे यांवर सर्वांत जास्त मेहनत कोणी घेतली असेल तर यांनी. त्यांनी एक यंत्र बनवलं. त्यात मूल पान पाहतं आणि पानावर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग हळूहळू बदलत जातो. बरं वाटेल तिथे थांबायचं. १९९४ मध्ये त्यांनी ६८ मुलांवर चाचणी केली. प्रत्येकाला दोन चष्मे दिले, एक अगदी त्याच्या नेमक्या रंगाचा आणि दुसरा त्याच्या जवळपासचाच पण जरासा चुकलेला. कोणता कोणता ते मुलांना कळत नव्हतं. मुलांनी रोज डोकं दुखलं का, डोळे शिणले का याची नोंद ठेवायची होती. ज्यांच्या नोंदी हाती आल्या अशा ३६ मुलांमध्ये नेमक्या रंगाचा चष्मा घातलेल्या दिवशी त्रास थोडा कमी नोंदला गेला. निम्म्या मुलांच्या नोंदीच नाहीत, ही या चाचणीची मोठी उणीव. पण ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट राहते: वाचनाचा वेग आणि अचूकपणा दोन्ही चष्म्यांत सारखाच होता. म्हणजे या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावासुद्धा 'काही मुलांना जरा आराम वाटतो' इथपर्यंत येतो आणि थांबतो. 'वाचन सुधारतं' हे वाक्य त्यात नाही, ते पुढे कोणीतरी जोडलं.

बाकी आढावे मी पटकन सांगते. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी कागद आणि चष्म्यांवरचे ५१ अभ्यास एकत्र तपासले. बऱ्याच अभ्यासांत पारदर्शक कागदासारखी तुलना नव्हती किंवा मोजणाऱ्याला सगळं आधीच माहीत होतं. वाचनाच्या अडचणीसाठी या गोष्टींची शिफारस करता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी तर २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून सांगितलं होतं की डिस्लेक्सियावर रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम हा उपाय नाही.

"मग इंग्लंडच्या शाळा का देतात?" असं तुमच्या जाऊबाई विचारतील. कागद स्वस्त आहे, त्याला औषधासारखी परवानगी लागत नाही, आणि वर्गात तीस मुलांमधल्या एकाला कागद देणं हे त्याला रोज अर्धा तास वेगळं शिकवण्यापेक्षा फार सोपं आहे. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. मूल म्हणतं बरं वाटतंय, शिक्षकांनाही बरं वाटतं. एकदा एखाद्या शाळेत ही पद्धत रुळली की तिची फेरतपासणी करायला कुणाला सवड नसते.

तुमच्याकडे कागदांचा संच आहेच, तर प्रयोग नीट करा. वाचनाचा वेग मोजण्याच्या विल्किन्स यांच्याच आणखी एका चाचणीची धाटणी वापरा, म्हणजे केंद्राला तक्रारीला जागा नको. त्याला अगदी पक्के येणारे पंधरा सोपे शब्द निवडा: घर, आई, पाणी, मी, तो, लाल, झाड, बस, असे. एका ओळीत ते पंधराही शब्द, पुढच्या ओळीत तेच पण क्रम बदलून, अशा दहा ओळी. झाले १५० शब्द. अर्थ लागत नसल्याने पुढचा शब्द अंदाजाने सांगता येत नाही. क्रम आणखी बदलून अशी आठ पानं तयार करा. पिवळा, निळा, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा बिनरंगी ट्रान्सपरन्सीचा कागद, आणि काहीच नाही, असे चार प्रकार. त्याला सांगा, "चारही कागद तपासायचेत, कुठला बरा ते आम्हालाही माहीत नाही." मिस्टरांना पाठ करून बसवा. त्यांनी फक्त घड्याळ लावायचं आणि ऐकून बरोबर आलेले शब्द मोजायचे.

पहिल्या दिवशी एक क्रम, दुसऱ्या दिवशी बरोबर उलटा, म्हणजे सरावाचा फायदा सगळ्यांना सारखा वाटला जातो. समजा पहिल्या दिवशी आलं: काही नाही ४४, पिवळा ४६, बिनरंगी ४७, निळा ४५. दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने: निळा ४३, बिनरंगी ४६, पिवळा ४८, काही नाही ४६. सरासरी काढली तर पिवळा ४७, बिनरंगी साडेसेहेचाळीस, काही नाही ४५, निळा ४४. "पिवळा पहिला आला!" असं म्हणण्याआधी एवढं बघा, की पिवळ्याचे स्वतःचेच दोन आकडे ४६ आणि ४८ आहेत. काहीही न बदलता एका दिवसात दोन शब्द इकडेतिकडे होतात. मग पिवळ्यात आणि बिनरंगीत अर्ध्या शब्दाचा फरक म्हणजे काहीच नाही. बऱ्याच अभ्यासांमध्ये कागद ठेवल्यावर वेग ५ टक्क्यांनी वाढला तर 'फायदा झाला' असं धरलं गेलंय. मिनिटाला ४५ शब्द वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे दोन-सव्वादोन शब्द. एखाद्या शिंकेत जातात तेवढे.

आणि जर पिवळा दोन्ही दिवशी बिनरंगीला पाच-सहा शब्दांनी मागे टाकत असेल, तर आणखी दोन दिवस करा. तरीही टिकला तर कागद वापरू द्या. त्यातूनही चष्म्याची गरज सिद्ध होत नाही, कारण सोप्या सुट्या शब्दांचा वेग वाढणं आणि धडा वाचून समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक सोपी चाचणी. सगळे कागद तीन आठवडे कपाटात ठेवून द्या, विषयही काढू नका. मग दहाही कागद पुन्हा समोर ठेवून त्याला निवडायला सांगा. लंडनमध्ये ज्यांना हा दृष्टीचा त्रास असल्याचं निदान झालं होतं अशा मोठ्या माणसांना आणि मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांच्या निवडीत सातत्य फारच कमी दिसलं. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी पिवळ्याऐवजी गुलाबी 'बरा' वाटला तर काय करायचं? केंद्राचं उत्तर तयार आहे: रंग बदलतो, म्हणून दरवर्षी तपासायचा. मला मात्र वाटतं की जो रंग तीन आठवड्यांत बदलतो तो त्या मुलाच्या डोळ्यांबद्दल किंवा मेंदूबद्दल काहीच सांगत नसावा.

'अक्षरं हलत नाहीत' या वाक्याकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही. एक विचारू? त्याने आधी कधी आपणहून सांगितलं होतं का, की अक्षरं हलतात? की केंद्रात किंवा घरी कोणीतरी "हलतात का रे? नाचतात का? पुसट होतात का?" असं विचारलं होतं? मुलांना असे प्रश्न विचारले की ती 'हो' म्हणतात. खोटं बोलत नाहीत ती, पण वाचताना जे अवघड वाटतं त्याला त्यांच्याकडे स्वतःचे शब्द नसतात, मग मोठ्यांनी दिलेला शब्द घेतात. त्याला नुसतं विचारा, "वाचताना काय होतं सांग." बघा काय म्हणतो.

तो खरोखर आपणहून अक्षरं दोन दिसतात म्हणत असेल, वाचायला बसलं की कपाळ दुखतं म्हणत असेल, एक डोळा झाकून वाचत असेल, तर लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडे न्या. तिथे दोन गोष्टी मागून घ्या. एक, डोळ्यांत थेंब टाकून नंबर तपासणं. मुलांच्या डोळ्यांत ताकद असल्याने प्लसचा नंबर ती दाबून टाकतात, नेहमीच्या तपासणीत तो सुटतो, आणि जवळचं वाचताना मात्र शीण येतो. दुसरी, दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र येतात का हे पाहणं. डॉक्टर पेन नाकाकडे आणत जातात तीच तपासणी. हे दोष असले तर त्यांच्यावर उपचार आहेत आणि ते करायलाच हवेत, डोकेदुखी जाईल. पण त्यातून वाचन आपोआप सुधारेल असं धरू नका. डोळे जवळ एकत्र न येणाऱ्या ३११ मुलांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. डोळ्यांच्या खऱ्या व्यायामांनी वाचनाचं आकलन खोट्या व्यायामांपेक्षा जास्त वाढलं नाही, असं २०१९ मध्ये जाहीर झालं. आणि ब्रिस्टल भागातल्या पाच हजार आठशेहून अधिक मुलांच्या पाहणीत ज्यांचं वाचन खूपच कच्चं होतं त्यांतल्या ८० टक्के मुलांच्या डोळ्यांच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित निघाल्या होत्या.

मग अडचण आहे कुठे? आज रात्री जेवण झाल्यावर दिवा मालवा, किंवा त्याला डोळे मिटायला सांगा, आणि खेळ म्हणून विचारा: "'मगर' मधला 'म' काढला तर काय उरतं?" "'सकाळ' मधला 'का' काढ." "'पान' मधला 'प' काढून तिथे 'क' घाल." चौथीतली बहुतेक मुलं 'गर', 'सळ', 'कान' अशी उत्तरं लगेच देतात. डिस्लेक्सिया असलेलं मूल बऱ्याचदा इथेच थांबतं, बोटं मोजतं, 'मगर'चा 'मर' करतं, किंवा भलताच शब्द सांगतं. समोर पान नाही, अक्षर नाही, पांढरा रंग नाही की पिवळा नाही, तरी तो अडतोय. शब्दाचे आवाज सुटे करून हाताळणं त्याला जड जातंय, आणि वाचन म्हणजे त्याच आवाजांना अक्षरं जोडणं. इथे काचेचा रंग काय करणार?

दुसरा पुरावा त्याच्या चुकांमध्येच सापडेल. आठवडाभर तो वाचताना ज्या चुका करतो त्या जशाच्या तशा लिहून ठेवा. अक्षरं खरोखर हलत असती तर चुका कुठेही झाल्या असत्या, सोप्या शब्दातही आणि कठीण शब्दातही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या चुका तशा नसतात. 'घर', 'आई', 'शाळा' बरोबर येतात कारण ते शब्द तोंडपाठ झालेले असतात. 'क्रम' आणि 'कर्म' मात्र एकमेकांच्या जागी येतात, कारण रफार लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि म्हणायचा त्याच्या आधी. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते पण उच्चारात नंतर येते, म्हणून 'किती'वर काही मुलं दर वेळी क्षणभर थबकतात. 'प्रकाश'चा 'परकाश' होतो, 'शाळेतून' लिहिलेलं असताना 'शाळेत' वाचून पुढे जातात, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात गल्लत होते. या सगळ्या चुकांना नियम आहे, आणि नियम असला की तो शिकवता येतो.

अर्थ नसलेले शब्दही वाचायला द्या: 'मुटाक', 'गर्टू', 'लोप्सी', 'ट्रिकाण'. ओळखीचे शब्द धडाधड वाचणारं मूल इथे अडलं, तर समजायचं की ते वाचत नव्हतं, पाठ केलेलं ओळखत होतं. आणि तोच धडा तुम्ही त्याला वाचून दाखवलात तर त्याला समजतो का? तो व्यवस्थित सांगू शकला, प्रश्नांची उत्तरं दिली, तर त्याची बुद्धी आणि समज शाबूत आहे, अडचण फक्त अक्षरांकडून आवाजाकडे जाण्यात आहे. हे सगळं म्हणजे निदान नव्हे, पण निदान करणाऱ्याला रंगीत कागदापेक्षा याचा कितीतरी जास्त उपयोग होईल.

उपायांचंही संशोधन झालंय. जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये वाचनाच्या अडचणींवरच्या उपायांच्या २२ नियंत्रित चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यात रंगीत कागद होते, श्रवणाचे व्यायाम होते, औषधं होती. आकडेवारीत पक्का टिकला तो एकच उपाय: अक्षर आणि आवाज यांचं नातं पायरीपायरीने, उघड करून शिकवणं.

मराठीत ते कसं दिसतं ते थोडक्यात सांगते. 'पुस्तक' हा शब्द घेतला तर आधी कानाने तोडायचा: पु, स्त, क. मग 'स्त' आणखी तोडायचा: आधी अर्धा 'स', मग 'त'. ठोकळ्यांवर किंवा टाळ्यांवर. मग पाटीवर 'स' लिहून त्याचा दंड पुसायचा, 'त' शेजारी आणायचा, आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. त्यानंतर फक्त 'स्त' असलेले शब्द: रस्ता, हस्त, वस्तू, मस्त. दोन दिवस तेच. रफार वेगळ्या आठवड्यात, 'प्र'-'क्र' वेगळ्या आठवड्यात, आणि दोन्ही पक्के झाल्याशिवाय 'कर्म' आणि 'क्रम' एका पानावर आणायचेच नाहीत. शेवटी त्याच जोडाक्षरांचा छोटा उतारा, आणि तो तीन-चारदा मोठ्याने वाचणं. (तुमचं ४१चं ४७ झालं ते याच पुनर्वाचनाने. उपाय तुमच्या हातात आलाच होता, श्रेय कागदाला गेलं.) हे पंचेचाळीस मिनिटांचं काम आठवड्यात तीन-चार वेळा, काही महिने करावं लागतं. चौथीतलं मूल दोन आठवड्यांत बदलत नाही, आणि बदलेल असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. तुमच्या २८ हजारांत चांगल्या विशेष शिक्षकाची अनेक महिन्यांची फी निघेल.

त्याआधी नीट तपासणी करून घ्या, आणि ती मराठीत व्हायला हवी. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी उतारे देऊन डिस्लेक्सिया ठरवणारे लोक आहेत, ते चालवून घेऊ नका. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे, तुम्हाला ठाण्याहून ते जमण्यासारखं आहे. तिथे नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून नाव आत्ताच घाला आणि शिकवणं त्यासाठी थांबवू नका. तपासणीत बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित असं सगळं पाहतात, एकाच भेटीत संपत नाही. ज्या केंद्राने तुमच्या मुलाला एका बैठकीत, कागद बदलून बदलून, डिस्लेक्सिया असल्याचं सांगितलं, त्याचा दाखला शाळेत किंवा बोर्डात चालणार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी अशा नीट तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राची गरज लागते.

जाताना मागच्या दोन वर्षांच्या वह्या न्या, खासकरून शुद्धलेखनाच्या, लाल शेरे असलेल्या. शाळेकडून वर्गशिक्षिकेचं निरीक्षण लिहून घ्या. आठवडाभर लिहिलेली चुकांची यादी न्या. घरात आणखी कोणाला लहानपणी वाचायला उशीर लागला होता का, मुलगा बोलायला केव्हा लागला, हेही आठवून ठेवा, ते विचारतातच. रंगीत कागदांचा संच न्यायची गरज नाही.